सेकंडहँड एस्प्रेसो मशीन बघायला जाताय? आधी सांगा, "तापवून ठेवू नका"

"या की सर, मशीन तापवूनच ठेवलंय. आधी कॉफी घ्या, मग निवांत बघा."

नागाळा पार्कातल्या त्या फ्लॅटच्या दारात विकणाऱ्या मुलानं असं म्हटलं तेव्हा माझ्यासोबतचा मित्र खूश झाला आणि मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. मुलाच्या मनात काही खोट नव्हती. बेंगळुरूला नोकरी लागली होती, सामान आवरायचं होतं, आणि कोल्हापुरात दारात आलेल्याला काहीतरी पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही. पण जुन्या एस्प्रेसो मशीनची निम्मी दुखणी ते थंड असताना आणि तापत असतानाच दिसतात. तापलेल्या मशीनमध्ये वायसर फुगून बसतो, बारीक गळती थांबते, अडखळत सुरू होणारा पंप सुरळीत चालायला लागतो. आम्ही कॉफी घेतली, त्याला मशीन बंद करायला सांगितलं, रंकाळ्यावर दोन तास काढले आणि परत आलो. तेव्हा खरी तपासणी सुरू झाली.

हा लेख त्या एका तपासणीच्या आधारानं लिहितोय. मशीन होतं एका बॉयलरचं, घरगुती, कॉफीची पूड भरून खालून अडकवायच्या ५८ मिलिमीटरच्या दांड्याचं. गॅजिया क्लासिक किंवा रॅन्सिलिओ सिल्विया या घराण्यातली मशीन अशी असतात. सोबत शंकूच्या आकाराच्या पात्यांचा विजेवरचा ग्राइंडर होता. नवख्या माणसानं जुन्या बाजारात याच प्रकाराकडे बघावं असं माझं मत आहे. आत मोजकेच भाग असतात, प्रत्येक भाग सुटा होतो आणि बहुतेक भाग सुटे विकतही मिळतात. टचस्क्रीनवाली, स्वतःच दळून स्वतःच कॉफी ओतणारी मशीन जुनी घेऊ नका. त्यातलं सर्किट बोर्ड गेलं तर कोल्हापुरात दुरुस्त करणारा शोधत फिरावं लागेल. बंद पडलेल्या कॅफेचं दोन दांड्यांचं मोठं मशीन स्वस्तात दिसलं तरी घरासाठी नकोच. त्याला काही किलोवॅट वीज, नळजोडणी आणि सांडपाण्याची सोय, हे सगळं लागतं.

फोनवर काय विचारायचं

जायच्या आधी तीन फोटो मागवा. पहिला मशीनच्या मागच्या किंवा खालच्या पट्टीचा, ज्यावर व्होल्टेज लिहिलेलं असतं. तिथे २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ दिसायला हवं. अमेरिकेतून आणलेलं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं मशीन असेल तर "ट्रान्सफॉर्मर लावला की झालं" असं सांगतील. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ बदलत नाही. घरगुती मशीनमधला पंप विजेच्या लहरींच्या तालावरच ठोके देतो, त्यामुळे तो इथे हळू चालतो. शिवाय १३००-१४०० वॉटचं मशीन झेपणारा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो. हा सौदा तिथेच सोडून द्या.

दुसरा फोटो दांडा काढून खालून वर घेतलेला. जिथून पाणी पडतं त्या जाळीचा. जाळी काळी, चिकट असेल तर मशीन कधी धुतलेलंच नाही हे कळतं. तिसरा बास्केटचा, म्हणजे दांड्यात बसणाऱ्या चाळणीवाटीचा, खालच्या बाजूनं. तो कशासाठी हे पुढे येईल.

मग चार प्रश्न. मशीन शेवटचं कधी वापरलं? पाणी कुठलं घालत होता? डिस्केल, म्हणजे आतला क्षार साफ, कधी केलं होतं, आणि कशानं? यात कधी काही बदललंय का? शेवटच्या प्रश्नाला "काहीच नाही, एकदम नवं आहे" हे उत्तर पाच वर्षांच्या मशीनसाठी चांगलं नाही. ज्यानं एकदा तरी वायसर बदललाय त्याच्या हातून मशीनची काळजी घेतली गेलीय. पाण्याच्या उत्तरावर मात्र पूर्ण विसंबू नका. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत जातं आणि राहणाऱ्यालाही ते माहीत नसतं. त्या मुलानं "नळाचंच की" असं सांगितलं होतं. मी घरात गेल्यावर प्यायला पाणी मागितलं आणि ओट्यावरच्या इलेक्ट्रिक किटलीत डोकावलो. तळाला पांढरा थर होता. किटलीत जे दिसतं तेच बॉयलरमध्येही असतं, फक्त तिथे ते आपल्याला दिसत नाही.

आणि हो, बघायच्या आधी टोकन म्हणून एक रुपयाही पाठवू नका. पैसे तुम्हाला यायचे असतील तर यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्यांनाही सांगून ठेवा.

पिशवीत काय न्यायचं

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. दोनशे ग्रॅम ताज्या भाजलेल्या बिया, शक्यतो गेल्या दोन-तीन आठवड्यांत भाजलेल्या. विकणाऱ्याच्या डब्यातल्या सहा महिने जुन्या बियांवर ना मशीनची परीक्षा होते ना ग्राइंडरची. दोन लिटर बाटलीबंद पाणी, एक पांढरा कप, टिश्यू पेपर, टेस्टर, एक ब्रश, आणि बास्केटमध्ये बसणारी छिद्र नसलेली रबरी चकती. ही चकती ऑनलाइन थोडक्या पैशात मिळते आणि आजच्या तपासणीत सगळ्यात जास्त बोलते. जमल्यास यंत्राची जाण असलेला एक माणूस. माझ्यासोबत उद्यमनगरात लेथवर काम करणारा मित्र होता. कॉफी त्याला आवडत नाही, तो चहावाला. त्यामुळे मशीनच्या प्रेमात पडायचा त्याला धोका नव्हता.

थंड मशीन

वरच्या पत्र्यावर हात ठेवून गार आहे ना बघा. मग पाण्याची टाकी काढा, आतून वास घ्या, खालच्या जागेत टॉर्च मारा. गंजाची तपकिरी रेघ किंवा पांढरा-हिरवट सुकलेला ओघळ दिसला तर आत कुठेतरी बराच काळ पाणी झिरपत होतं. ड्रिप ट्रेखालचा भाग नक्की बघा, कारण मशीन विकायच्या आधी वरून सगळे पुसतात, तिथे कुणी हात घालत नाही.

आता दांडा लावून बघा. चांगल्या वायसरवर दांडा घट्ट होतो तेव्हा साधारण तुमच्याकडे सरळ तोंड करून थांबतो. तो सरळ रेषेच्या बराच पुढे उजवीकडे जात असेल तर ग्रुपमधलं, म्हणजे दांडा जिथे अडकवतात त्या भागातलं गॅस्केट, हाच तो वायसर, झिजलंय. दांडा काढून गॅस्केटवर नख दाबा. रबर दबायला पाहिजे. आमच्या मशीनमधलं दबलंच नाही. मित्र म्हणाला, "भावा, ह्यो वायसर न्हाय, बांगडी हाय." ही घाबरायची गोष्ट नाही. गॅस्केट आणि जाळी हे चपलेच्या अंगठ्यासारखे भाग आहेत, झिजणारच, बदलायचेच. फक्त किमतीत धरायचे.

आधी नुसतं पाणी

मशीन १६ ॲम्पिअरच्या सॉकेटला लावा. १४०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर सहा ॲम्पिअरच्या आसपास घेतं, साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर ते सुरक्षित नाही. टाकीत आपलं पाणी भरा. चालू करून टेस्टर बाहेरच्या धातूला लावा. टेस्टर पेटला तर आधी तो सॉकेट अर्थिंगचा आहे का विचारा, दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा, तरीही पेटला तर प्लग काढा आणि पुढे जाऊ नका. घरात ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाईट तोडणारा स्विच, असेल आणि मशीन तापताना तो पडत असेल तर बहुधा तापवणाऱ्या एलिमेंटमधून वीज गळतेय. असं मशीन नवख्यानं घेऊ नये.

तापल्याचा दिवा पाच-सहा मिनिटांत लागेल. त्यावर जाऊ नका. दिवा फक्त बॉयलरचं सांगतो, दांडा आणि ग्रुपचा जाड धातू तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. या वेळात खाली टिश्यू पसरून ठेवा आणि ग्रुपच्या तोंडाकडे बघत राहा. तापताना दोन-चार थेंब पडले तर चालतं, पाणी तापून फुगतं. पण पंप बंद असताना थेंबाथेंबानं गळतच राहिलं तर आतला सोलेनॉइड व्हॉल्व नीट मिटत नाहीये. बऱ्याचदा क्षाराचा एखादा कण त्यात अडकलेला असतो.

वीस मिनिटांनी दांडा न लावता पंप चालू करा. पाणी जाळीभर सारखं पडायला हवं. एकाच कडेनं धार येत असेल तर जाळी किंवा तिच्या वरची चकती तुंबलीय. तीस सेकंदांत किती पाणी पडतं ते काट्यावर मोजा. मी दोनशे ग्रॅमच्या आसपासचा आकडा चांगला धरतो, शंभराच्या खाली गेला तर पंप थकलाय किंवा वाटेत क्षार साचलाय. आवाजही ऐका. या पंपाचा आवाज मुळातच घरघरता असतो, त्याला घाबरू नका. पण तो मध्येच मोकळा, कोरडा होऊन पुन्हा भरत असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय.

मग वाफेच्या नळीतून पांढऱ्या कपात शंभर मिली गरम पाणी काढा आणि दोन मिनिटं तसंच ठेवा. आमच्या कपाच्या तळाला तांदळाच्या कण्यांसारखे बारीक पांढरे कण बसले. किटलीनं जे सांगितलं तेच. कण पांढरे असतील तर क्षार आहे आणि तो निघतो. निळसर-हिरवी झाक असेल तर आतलं पितळ-तांबं गंजतंय. करडा गाळ ॲल्युमिनियमच्या बॉयलरमधून येतो. जुन्या गॅजिया क्लासिकचा बॉयलर ॲल्युमिनियमचा, सिल्वियाचा पितळी. करडा गाळ एकदा धुऊनही येतच राहिला तर बॉयलरच्या आतली भिंत खाल्ली गेलीय, आणि नवीन बॉयलरच्या किमतीत हा सौदा उरत नाही.

चकती लावून ऐका

बास्केटमध्ये रबरी चकती ठेवा, दांडा लावा, पंप चालू करा. पाण्याला वाट नाही, त्यामुळे दाब चढतो आणि दोन-चार सेकंदांत पंपाचा आवाज बदलून दबका, जड होतो. हा बदल ऐकू आला नाही तर पंप दाब बनवत नाहीये. दांड्याच्या कडेनं पाणी आलं तर गॅस्केट गेलंय. दहा सेकंद थांबून पंप बंद करा, आणि आता कान द्या.

चांगल्या मशीनमध्ये बंद करताक्षणी "फुस्स" असा आवाज होऊन साचलेला दाब एका छोट्या नळीतून ड्रिप ट्रेमध्ये सुटतो. हे काम तीन तोंडांच्या सोलेनॉइड व्हॉल्वचं. पंप चालू असताना तो बॉयलरचं पाणी कॉफीकडे सोडतो, बंद केला की बॉयलरची वाट मिटवून कॉफीवरचा दाब बाहेर काढतो. आमच्या मशीनमध्ये फुस्स झालंच नाही. मुलगा दांडा काढायला पुढे झाला तसा मी त्याचा हात धरला. आत दाब अडकलेला असताना दांडा फिरवला तर गरम पाणी आणि कॉफीचा चोथा तोंडावर उडतो. दोन-तीन मिनिटं थांबून, हळूहळू सैल करत काढला.

"मग कॉफी केल्यावर रोज काय करत होतास?" मी विचारलं.

"थोडं थांबायचं. पहिल्यापासून असंच हाय की. चोथा ओलाच राहतोय."

ओला, लिबलिबीत चोथा हे याच दुखण्याचं लक्षण. इथे एक ओळख सांगतो. पंप चालू करताना आत "टक्" असा आवाज आला आणि ग्रुपमधून पाणी आलं, तर व्हॉल्वची कॉइल शाबूत आहे, फक्त बाहेर सोडणारी वाट कॉफीच्या तेलानं आणि चोथ्यानं तुंबलीय. ते धुऊन निघतं. टक् ऐकू येत नाही आणि ग्रुपमधून पाणीच येत नाही, तर कॉइल किंवा वायरिंग गेलंय, तो खर्च वेगळा. आमच्याकडे टक् येत होता. एक लक्षात ठेवा, स्वस्तातल्या बऱ्याच मशीनमध्ये हा व्हॉल्व मुळातच नसतो. तिथे फुस्स झालं नाही तर तो दोष नव्हे. म्हणून मॉडेलचं नाव आधी विचारून, त्यात हा व्हॉल्व आहे का ते बघून जायचं.

ग्राइंडर

नवखे लोक मशीनवर तासभर घालवतात आणि ग्राइंडर एकदा घुर्र करून बघतात. उलटं करायला हवं. साधारण मशीन आणि चांगला ग्राइंडर यांतून पिण्याजोगी एस्प्रेसो निघते. उलट जोडीतून निघत नाही.

आधी प्लग न लावता बियांच्या डब्यात नाक घाला. आपल्याकडे ग्राइंडरमध्ये मिरं, जिरं, सुकी मिरची दळून बघणारे आहेत. मी एक ग्राइंडर असा पाहिलाय की दळलेल्या कॉफीला कांदा-लसूण चटणीचा वास होता. प्लास्टिकमधला तो वास कशानंही जात नाही.

मग १८ ग्रॅम बिया मोजून घाला, दळा, बाहेर आलेलं मोजा. हे तीनदा करा. पहिल्या वेळी एक-दोन ग्रॅम आत अडकतात, कोरडा ग्राइंडर आधी स्वतःचं पोट भरतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जितकं आत तितकंच बाहेर, अर्ध्या ग्रॅमच्या फरकानं, यायला हवं. आम्हाला १५.९, मग १७.६, मग १७.७ मिळाले. इथपर्यंत ठीक. मोटर दळताना मध्येच मंदावते का, जळका वास येतो का, रिकामा चालवला की खडखड येते का, तेही याच वेळी कळतं.

आता खरी कसोटी. ग्राइंडर रिकामा चालू ठेवून सेटिंग हळूहळू बारीककडे न्या. एका ठिकाणी पाती एकमेकांना अगदी निसटती टेकतात आणि बारीक "चर्र" ऐकू येतं. आला की लगेच मागे घ्या. या जागेला शून्य म्हणतात आणि एस्प्रेसोचं दळण त्याच्या थोडं अलीकडे असतं. काही घरगुती ग्राइंडरमध्ये पाती टेकूच नयेत असा अटकाव कंपनीच ठेवते, तिथे हा आवाज येणार नाही. अशा वेळी सगळ्यात बारीक सेटिंगवर दळून मशीन तुंबतंय का एवढंच बघायचं. बारीक, सपाट दाबलेल्या दळणातून पाणी जाऊच शकलं नाही तर ग्राइंडर एस्प्रेसोला पुरेसा आहे. त्याला थोडं जाड करणं आपल्या हातात असतं. पुरेसं बारीक न करणाऱ्याला बारीक करता येत नाही.

आमचा ग्राइंडर शेवटच्या आकड्यावर गेला तरी चर्र नाही. १८ ग्रॅम दळून मशीनवर लावले, आणि ३६ ग्रॅम कॉफी अकरा सेकंदांत भसकन खाली आली. व्हायला हवेत २५ ते ३० सेकंद. मुलगा म्हणाला, "म्हणूनच मी ती दुसरी बास्केट वापरतोय, तिच्यात मस्त फेस येतोय." दुसरी बास्केट म्हणजे दुहेरी तळाची. वरून तिला पुष्कळ छिद्रं दिसतात, पण खालून एकच बारीक छिद्र. कॉफी त्या छिद्रातून पिचकारीसारखी निघते, त्यामुळे दळण जाड असो, बिया शिळ्या असोत, फेस येतोच. दारात प्यायलेल्या कॉफीचा तो जाड फेस याच बास्केटचा होता. फोटो खालून मागवायचा तो यासाठी. तपासणी नेहमी एकेरी तळाच्या, खालूनही भरपूर छिद्रं असलेल्या बास्केटवर करा. विकणाऱ्याकडे ती नसेल तर आपल्यासोबत न्या.

अकरा सेकंदांची दोन कारणं असू शकत होती. पाती बोथट झालीत, किंवा ती आपल्या जागी बसलेली नाहीत. पाती बोथट असती तर बारीक दळण होण्यात अडचण आली असती, पण शून्याला ती टेकली असती, चर्र ऐकू आलं असतं. इथे टेकतच नव्हती. म्हणून मी प्लग काढून, डबा बाजूला करून वरची कडी-पाती उचलली. ती ज्या कंगोऱ्यावर बसते तिथे कॉफीची पूड दाबून दाबून गुळाच्या खड्यासारखी घट्ट झाली होती. त्या पुडीनं पाती केसभर वर उचलली गेली होती. ब्रशनं, मग काडीनं खरवडून काढलं. पात्यांच्या धारेवर बोट आडवं, हलकं फिरवलं, धार बोटाला धरत होती, कुठे टवका नव्हता. पाती परत बसवली, प्लग लावला, तीन आकडे आधीच चर्र. पुढचे १८ ग्रॅम लावले तर मशीननं दबका आवाज काढला आणि वीस सेकंदांत थेंबही आला नाही. अशा चोक झालेल्या दांड्यात दाब अडकतो, म्हणून पुन्हा थांबून सावकाश काढला. दोन आकडे जाड केलं. १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, २७ सेकंद.

मुलगा कप हातात घेऊन बघत राहिला. मित्र घाईघाईनं म्हणाला, "आता ग्राइंडर दुरुस्त झाला म्हणून भाव वाढवू नगंस."

विजेऐवजी हातानं फिरवायचा ग्राइंडर घेत असाल तर मधला दांडा पकडून आडवा हलवून बघा. तो लटलटत असेल तर दळण एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक पडतं, आणि बेअरिंगची जागाच झिजली असेल तर त्याला इलाज नाही. कॅफेतला मोठा, सपाट पात्यांचा ग्राइंडर मिळत असेल तर त्यानं रोज काही किलो दळलेत असं समजा आणि नव्या पात्यांचा जोड किमतीत धरूनच बोला.

वाफ

वाफेचं बटण दाबा, दिवा लागू द्या, नळीतलं पाणी आधी काढून टाका. फ्रिजमधलं दीडशे मिली दूध साधारण मिनिटभरात, हाताला भांडं धरवेना इतकं तापायला हवं. दूध फाटलं तर मशीनला दोष देऊ नका, आधी दूध ताजं होतं का बघा. गंगावेशीतलं म्हशीचं दूध नेलंत तर फेस जाड येईल, तपासणीला ते चालतं. नंतर वाफेची खुंटी बंद करून दोन मिनिटं नळीच्या टोकाकडे बघा. आमच्या मशीनचं टोक टपकत होतं. आतला छोटा सील गेलेला. त्यासाठी खुंटी आणखी आवळू नका, त्यानं बसकण घासते आणि दहा रुपयांचं काम वाढतं.

भाव

मुलगा दोन्हीचे ३६,००० मागत होता. मी कागदावर त्याच्यासमोरच लिहिलं. गॅस्केट आणि जाळी, वाफेच्या खुंटीचा सील, एस्प्रेसो मशीन धुण्याची पावडर, क्षार काढणं, आणि सोलेनॉइड धुऊनही सुटला नाही तर नवीन व्हॉल्व. पहिल्या चार गोष्टी नक्की लागणाऱ्या, त्या पूर्ण वजा केल्या. व्हॉल्वची गोष्ट शक्यतेची, ती अर्धी त्यानं आणि अर्धी मी सोसायची ठरली. ३१,००० ला जमलं. आकड्यांपेक्षा ही पद्धत उपयोगी पडते. "जुनं आहे, कमी करा" असं म्हटलं की समोरचा चिडतो, टपकणारी नळी दाखवून बोललं की तो स्वतःच आकडा सांगतो.

यातली कुठली गोष्ट दिसली तर मात्र भावाचं बोलणंच करू नका: बॉयलरच्या जोडातून किंवा अंगातून गळती, तापताना ईएलसीबी पडणं, पुन्हा पुन्हा येणारा करडा किंवा हिरवा गाळ, डोकी घासून गोल झालेले बॉयलरचे स्क्रू. आणि "चालू होतं, फक्त आत्ता लाईट नाही, नेऊन बघा" हे वाक्य.

निघताना मूळ बिल, दोन्ही बास्केट, पूड दाबायचा टॅम्पर, मशीनसोबत आलेला प्लास्टिकचा चमचा सुद्धा मागून घ्या. बिल नसेल तर साध्या कागदावर मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम लिहून दोघांच्या सह्या करा, आणि पैसे यूपीआयनंच द्या. टाकी आणि ट्रे रिकामे करून मशीन उभंच न्या. आम्ही रिक्षा केली. मित्रानं मशीन मांडीवर घेतलं आणि सीपीआर चौकातल्या खड्ड्यात बॉयलरमधलं उरलेलं पाणी त्याच्या पॅन्टवर सांडलं, ते आधी वाफेच्या नळीतून काढायला हवं होतं.

घरी पहिल्या संध्याकाळी कॉफी केली नाही. रबरी चकती, चिमूटभर मशीन धुण्याची पावडर, दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं पाच-सहा वेळा. तिसऱ्या वेळेला नळीतून आधी चहासारखं तपकिरी पाणी आलं आणि चौथ्या वेळेला फुस्स झालं. मग साध्या पाण्यावर तसंच दहा वेळा. दुसऱ्या दिवशी लिटरभर पाण्यात वीसेक ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून क्षार काढला. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर हे पाणी आत वीस मिनिटांहून जास्त ठेवू नका, रात्रभर तर मुळीच नाही. नंतर दोन टाक्या साध्या पाण्यानं धुतलं. नवीन गॅस्केट चार दिवसांनी आलं, जुनं पेचकसनं उकरताना त्याचे तुकडे झाले, आणि दांडा पहिल्यांदा सरळ समोर थांबला.